वैष्णवी, हे उत्तर गुरुवारी पुन्हा लिहून आण

वैष्णवी,

पूर्वपरीक्षेत सूत्री आणि अर्धगुणसूत्री विभाजनावर तू दीड पान लिहिलंस, तरी मला पाचपैकी अडीचच गुण देता आले. माहिती बरोबर होती. पण आधी सूत्री विभाजन पूर्ण, मग अर्धगुणसूत्री पूर्ण, असं लिहिल्यामुळे तुलना तपासणाऱ्यालाच करावी लागली. प्रश्न तुलनेचा आहे, म्हणून मुद्दा एक घ्यायचा आणि त्यावर दोन्ही विभाजनं लगेच बोलवायची.

व्याख्येला दोनच ओळी. पुढचा परिच्छेद असा:

"दोन्ही विभाजनांपूर्वी डीएनएची प्रतिकृती एकदाच होते. सूत्री विभाजनात त्यानंतर केंद्रक एकदाच विभागते व दोन जन्यपेशी तयार होतात. अर्धगुणसूत्री विभाजनात लागोपाठ दोनदा विभागते व चार तयार होतात. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी 16 गुणसूत्रांच्या पेशीपासून 16 गुणसूत्रांच्याच पेशी होतात, तर त्याच्या फुलातील परागकोशात 16 पासून 8 गुणसूत्रांच्या."

तुमच्या शेतात बी धरायला डोंगळे लावतात ना? त्याचा पांढरा गोंडा म्हणजे फुलंच. मुळाची स्लाइड आपण प्रयोगशाळेत पाहिली, दुसरं विभाजन घरच्या बांधावर चालतं. हे उदाहरण डोळ्यांसमोर असलं की 16 आणि 8 चुकणार नाहीत.

संख्या निम्मी का होते, हे तू लिहिलंच नव्हतंस, आणि उत्तराचा गाभा तोच आहे. पहिल्या विभाजनाच्या पूर्वावस्थेत सजातीय गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात आणि त्यांच्यात क्रॉसिंग ओव्हर होतं. पश्चावस्थेत या जोड्या फुटतात, पण गुणसूत्रबिंदू विभागत नाहीत. म्हणून प्रत्येक ध्रुवाकडे जोडीतलं एकेकच गुणसूत्र जातं. सूत्री विभाजनात जोड्या जुळत नाहीत. तिथे गुणसूत्रबिंदू विभागतात आणि अर्धगुणसूत्रं वेगळी होतात. अर्धगुणसूत्री विभाजनाचा दुसरा टप्पा सूत्री विभाजनासारखाच असतो, त्याला एक वाक्य पुरे.

आकृती मध्यावस्थेची काढ, दोन्ही शेजारी शेजारी. चारच गुणसूत्रं घे: दोन लांब, दोन आखूड. प्रत्येक जोडीतलं एक पेन्सिलीने भरून टाक. डावीकडे चारही एकेकटी मध्यरेषेवर, उजवीकडे पहिल्या मध्यावस्थेत जोडीजोडीने समोरासमोर. नावं देताना तुर्कतंतू आणि गुणसूत्रबिंदू विसरू नकोस. मागच्या वेळी तुझी आकृती सुबक होती, पण बिनानावाची.

शेवटी महत्त्व: सूत्री विभाजनाने वाढ आणि झीज भरून निघते. अर्धगुणसूत्री विभाजनाने युग्मक तयार होतात, पिढ्यान्पिढ्या गुणसूत्रसंख्या कायम राहते आणि विविधताही येते.

घड्याळ लावून बारा मिनिटांत लिही. पहिल्या तासाआधी प्रयोगशाळेत दाखव, मी तिथेच असेन.

तुझ्या बाई