रविवारी संध्याकाळी बोलूया का?

आई, बाबा,

हे समोर बसून सांगायला हवं होतं, पण समोर आलं की मला रडू येतं, बाबांचा आवाज चढतो आणि आई मध्ये पडते. मग मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहून पाठवतेय. दोघंही आधी शेवटपर्यंत वाचा. लगेच फोन करू नका, मी लायब्ररीत आहे.

परवाच्या टेस्टमध्ये ७२० पैकी ३८८ आले, ते तुम्हाला माझ्याआधी कळलं. क्लासचा मेसेज बाबांच्या मोबाईलवर येतो आणि मी सायकल लावून वर येईपर्यंत घरातलं वातावरण बदललेलं असतं. त्या दिवशी जेवताना कुणीच माझ्याशी बोललं नाही. आई, तू भाजी वाढलीस तीसुद्धा न बोलता. ओरडलेलं मी सहन करते, हे नाही होत.

टेस्टच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही आणि सकाळी पोटात कळा येतात. आई, तू ओवा देतेस, पण ते अपचन नाहीये गं. पेपरमध्ये येत असलेला प्रश्नही चुकला तर एक मार्क कापला जाईल म्हणून मी सोडून देते. घाबरू नका, मी काही वेडंवाकडं करणार नाही. पण हे असंच बारावीपर्यंत रेटायचं म्हटलं तर मला जमेल असं वाटत नाही.

आणि कृपा करून अथर्वदादाचं नाव काढू नका. तो एमबीबीएसला लागला याचा मलाही खूप आनंद झालाय. पण त्याला लहानपणापासून डॉक्टरच व्हायचं होतं. मला नाही व्हायचं.

मला बीएस्सी अ‍ॅग्री करायचंय आणि पुढे पिकांच्या रोगांवर शिकायचंय. बाबा, हे वाचून तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे: "आम्ही मातीतून बाहेर पडलो ते तू परत जाण्यासाठी नाही." तुमचं हे म्हणणं मी हलकं समजत नाही. काकांनी बागेपायी किती कर्ज काढलं ते मी लहानपणापासून ऐकतेय. पण तासगावला गेल्यावर मी सगळ्यात जास्त वेळ बागेतच असते हे तुम्हीही पाहिलंय. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागून राहिला आणि दावण्या आला, तेव्हा काका दुकानदार सांगेल ते औषध मारत होते. पानाच्या वर पिवळट डाग आणि खाली पांढरी बुरशी का धरते, ओल्या पानावर ती इतक्या झपाट्याने कशी पसरते, हे मी शोधून शोधून वाचलं. कुणी अभ्यासाला बस म्हणालं नव्हतं. बायोलॉजीत मला मार्क पडतात तेही याच धड्यांना.

यात करिअर नाही असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा नीट बघूया. पदवी ४ वर्षांची आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, पुण्याचं कृषी महाविद्यालय आहे आणि मांजरीला तर द्राक्षावरच काम करणारं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो. त्यात फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हेच विषय आहेत आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणजे आत्ताचा अभ्यास वाया जाणार नाही. क्लासची २ वर्षांची फी भरलीय याचं मला ओझं वाटतं, म्हणून क्लास सोडते असं मी म्हणत नाहीये. नीटसुद्धा एकदा देईन, मनापासून देईन. फक्त मार्क कमी पडले तर रिपीट करणार नाही, आणि पहिली पसंती अ‍ॅग्रीला असेल. एवढं तुम्ही मान्य करावं असं मला वाटतं.

या रविवारी टेस्ट नाही. संध्याकाळी ५ वाजता आपण तिघंच बसूया का? टीव्ही बंद ठेवूया, काकांना किंवा आत्याला फोन लावायचा नाही आणि मार्कांचा विषय त्या तासाभरापुरता बाजूला. आधी मला १० मिनिटं मध्ये न थांबवता बोलू द्या. मग तुमची भीती काय आहे ते सांगा: पैशाची, लग्नाची, लोक काय म्हणतील याची, जी असेल ती. मी उलट बोलणार नाही. त्याच दिवशी निर्णय झाला नाही तरी चालेल. आजीला बसायचं असेल तर बसू दे, ती असली की बाबा शांत असतात.

आणखी एक, हे रविवारची वाट न बघता करता येईल. टेस्टचे मार्क मी घरी येऊन स्वतः सांगेन. तोवर मेसेज आला तरी काही विचारू नका.

मी साडेसातपर्यंत येते. येताना दूध आणते. आल्या आल्या यावर बोलायला नको, रविवारी ५ चं चालेल की नाही तेवढं इथेच कळवा.

सई