विनायक, सेफ्टी डिप्लोमाचा तीन महिन्यांचा प्लॅन

विनायक, कुपवाडला तुझी जनरल शिफ्ट आहे म्हणून पहाटे पाच ते साडेसहा पाठांतर आणि रात्री जेवल्यावर तासभर लिखाण असं धरलंय, रविवारी चार तास. नुसतं वाचत बसू नको, लिहून काढ, पेपर हातानेच लिहायचाय.

पहिला महिना फक्त कायदा. आधी संस्थेत विचार की पेपर 1948 च्या फॅक्टरी ॲक्टवर आहे का 2020 च्या नव्या कोडवर, कारण दोन्हीत कामगारांचे आकडे वेगळे आहेत आणि ते मिसळले की मार्क गेलेच. जुना ॲक्ट असेल तर हे पाच 'प' पाठ कर: पाळणा, पाठ, पोट, पट्टी, पहारा. पाळणाघर 30 पेक्षा जास्त बायका असतील तर, पाठ टेकायला रेस्टरूम 150 पेक्षा जास्त, पोटाला कॅन्टीन 250 पेक्षा जास्त, पट्टी म्हणजे ॲम्ब्युलन्स रूम 500 पेक्षा जास्त, आणि पहारा म्हणजे सेफ्टी ऑफिसर 1000 किंवा जास्त. पहिल्या चारांत 'पेक्षा जास्त' आहे, शेवटच्यात 1000 सुद्धा धरतात, ऑब्जेक्टिव्हमध्ये हेच फिरवतात. आणि गंमत बघ, कामगार वाढत जातात तशी कलमं उतरत येतात, 48, 47, 46, 45 आणि मग सेफ्टी ऑफिसर 40-ब. ही शिडी एकदा कागदावर काढून लॉकरच्या दारावर चिकटव.

दुसऱ्या महिन्यात मशीन गार्डिंग, इलेक्ट्रिकल, केमिकल आणि फायर. कंट्रोलची उतरंड अशी म्हण: काढ, बदल, बांध, सांग, घाल. धोका काढ, साहित्य बदल, गार्ड बांध, परमिट-ट्रेनिंगने सांग, शेवटी हेल्मेट-गॉगल घाल. तुमच्या फाउंड्रीतल्या शेकआउटवर उभा राहून हे पाचही लावून बघ, धूळ, आवाज, उष्णता सगळं एकाच जागी आहे, दहा मार्कांचं उत्तर तिथंच तयार होतंय. फायरचे क्लास 'ला-ते-गॅ-धा': लाकूड ए, तेल बी, गॅस सी, धातू डी. वितळलेल्या धातूवर पाणी कधीच नाही, कारण लगेच वाफ होऊन स्फोट होतो, हे कारणासकट लिही.

गणित सोडू नको, ते हमखास मार्क आहेत. फ्रिक्वेन्सी रेट म्हणजे अपघात गुणिले 10 लाख भागिले एकूण मॅन-अवर्स, सिव्हिरिटीत अपघातांच्या जागी वाया गेलेले दिवस. 400 कामगार, वर्षाला प्रत्येकी 2500 तास, 6 अपघात, 90 दिवस वाया, तर मॅन-अवर्स झाले 10 लाख, फ्रिक्वेन्सी 6 आणि सिव्हिरिटी 90. मृत्यू असेल तर 6000 दिवस धरायचे, विसरू नको.

तिसरा महिना जुने पेपर, घड्याळ लावून. चुकलेलं वेगळ्या वहीत उतरव आणि शेवटच्या आठवड्यात नवीन काही उघडू नको, तेवढी वहीच वाच. रविवारी सांगलीत आलास की वही घेऊन ये, मी तोंडी विचारतो.