‘गोळीबंद’: प्रसंग ४, गुऱ्हाळ. स्टोरीबोर्डचे फ्रेमवार प्रॉम्प्ट

स्नेहल, या प्रसंगात एका आदणाची गोष्ट आहे: काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एकदा भरलेल्या रसाचा गूळ होईपर्यंत. कथेत पहाटे साडेचार ते सव्वासात, पडद्यावर साधारण साडेतीन मिनिटं. एकूण १६ फ्रेम. चौकट १.८५:१. पेन्सिलीत काळंपांढरं काढ, रंग फक्त काहिलीतल्या रसाला आणि चुलवाणाच्या जाळाला. रसाचा रंग हेच या प्रसंगाचं घड्याळ आहे, म्हणून तिथे काटकसर नको.

आधी जागा पक्की करून घे. काहील मधोमध. तिच्या एका बाजूला तात्या, समोर नंदा. दोघांना जोडणारी रेघ म्हणजे आपला अ‍ॅक्सिस. फ्रेम १ ते ८ कॅमेरा दाराकडच्या बाजूला: तात्या पडद्याच्या डावीकडे, नंदा उजवीकडे. तात्याच्या मागे, खालच्या खड्ड्यात चुलवाणाचं तोंड आणि चुलवाण्या बाळू. नंदाच्या मागे वाफा, म्हणजे शिजलेला गूळ ओतायची जागा. बाळूला खड्ड्यातून काहील दिसत नाही, तो वरून येणाऱ्या हाकेवर जाळ कमीजास्त करतो. हे चित्रात कळलं नाही तर शेवटच्या चार फ्रेम वाया गेल्या.

रेषा एवढी सांभाळायचं कारण एकच. तात्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा पार पिकून पांढरा झालाय. कॅमेरा दाराकडे असेपर्यंत आपल्याला त्याची उजवीच बाजू दिसते, म्हणून फ्रेम ९ पर्यंत डावा डोळा प्रेक्षकाला दाखवायचा नाही. तात्या मालकापासून जे लपवतोय तेच आपण प्रेक्षकापासून लपवतोय.

तात्या: गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा. ६८ वर्षं, बनियन, गुडघ्यापर्यंत धोतर, टॉवेल उजव्या खांद्यावर. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, बांगडीएवढा.
नंदा: त्याची नात, १३ वर्षं. भावाचा ढगळ स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत. दोन वेण्या.
जर्मनचं भांडं: वाटीपेक्षा मोठं, एका बाजूला पोचा. भांडं काहिलीच्या कडेशी, नंदाच्या हाताशी. त्यात पाणी पाऊण.

रसाच्या चार अवस्था, प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये लिहिल्यात. र१: हिरवट करडा, काहील जवळपास काठोकाठ. र२: वर मळीचा जाड थर, कडेने फुटलेला. र३: पिवळा, फेस वर चढलेला. र४: सोनेरी तांबूस, पातळी एक चतुर्थांशाच्याही खाली, बुडबुडे मोठे आणि सुस्त. काहिलीच्या आतल्या भिंतीवर उतरत्या पातळीच्या रेघा राहतात. त्या वाढतच गेल्या पाहिजेत, पुसायच्या नाहीत.

फ्रेम १
एक्स्ट्रीम लाँग शॉट, डोळ्याच्या उंचीवर, स्थिर. उसाच्या फडाच्या टोकाला पत्र्याचं गुऱ्हाळ, धुराडं, आत एकच बल्ब. आभाळ अजून काळं. धूर डावीकडून उजवीकडे वाहतोय; पुढे आतली वाफही त्याच दिशेला झुकेल. माणूस एकही नको.

फ्रेम २
लाँग शॉट, दारातून आत. काहील, तात्या डावीकडे, नंदा उजवीकडे, डाव्या कोपऱ्यात जमिनीखालून येणारा जाळाचा उजेड. र१. हा मास्टर आहे, पुढे जागेचा घोळ झाला की याच्याकडे परत यायचं. वाफ थोडीच. (वाफेचा मोह होणार, मलाही झाला होता. पण आत्ताच सगळं धूसर केलं तर तात्याचं न दिसणं धूसरात हरवेल.)

फ्रेम ३
मिड शॉट, खड्ड्यात, हाय अँगल. बाळू वाळकी चिपाडं तोंडात सारतोय. चेहऱ्यावर खालून उजेड. नजर वर, चौकटीच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे, कारण तात्या तिकडे आहे. फ्रेम ४ मधला तात्या खाली डावीकडे न बघता नुसता हात हलवतो. म्हणजे नजरा जुळत नाहीत, आणि ही चूक नाही.

फ्रेम ४
मिड शॉट, तात्याची उजवी बाजू. तो मोठ्या झाऱ्याने मळी ओढतोय. र२. झारा उजवीकडून डावीकडे येतो. हालचाल अर्ध्यावर तोडायची.

फ्रेम ५
क्लोजअप, झारा. फ्रेम ४ मधली हालचाल इथे पुरी होते, दिशा तीच. मळी बादलीत पडते, पण निम्मी काठावर, बाहेर. सराईत गुळव्याच्या हातून असं होत नाही. ही पहिली खूण. अधोरेखित करू नको, बादली चौकटीच्या तळाशी कापलेलीच ठेव.

फ्रेम ६
ओव्हर द शोल्डर, तात्याच्या उजव्या खांद्यावरून नंदा. टॉवेलची कड पुढे आउट ऑफ फोकस. नंदा सांडलेल्या मळीकडे बघते, मग तात्याकडे. एकाच फ्रेममध्ये दोन चेहरे काढू नको. मळीकडे बघतानाचाच घे आणि कडेला बाण दे. रस र२ आणि र३ च्या मध्ये, रस निवळायला भेंडीचं पाणी घालून झालंय.

फ्रेम ७
मिड क्लोजअप, नंदा, फ्रेम ६ पेक्षा कॅमेरा किमान ३० अंश सरकलेला, नाहीतर उडी जाणवेल. र३, फेस तिच्या पोटापर्यंत चढलाय. ती गोडेतेलाचे चार थेंब शिंपडते, न विचारता. आतापर्यंत हे काम तात्याचं होतं. तेल शिंपडताना तिने उजवी बाही कोपरापर्यंत सारली. इथून शेवटपर्यंत उजवी बाही वर, डावी खाली.

फ्रेम ८
टॉप शॉट, सरळ वरून. फक्त काहील, पूर्ण गोल, माणसं नाहीत, कुणाचा हातही नाही. फेस बसतोय, र३ चा र४ होतोय. डावंउजवं इथे पुसलं जातं म्हणूनच हा शॉट आहे: याच्या आडून आपण रेषा ओलांडतो. भिंतीवरच्या पातळीच्या रेघा मोजून पाच. पडद्यावर हा सगळ्यात लांब टिकेल.

फ्रेम ९
क्लोजअप, तात्या, कॅमेरा आता वाफ्याच्या मागच्या भिंतीकडे नव्हे, दाराच्या बरोब्बर समोरच्या भिंतीकडे. तात्या पडद्याच्या उजवीकडे, तोंड डावीकडे. डावा डोळा पहिल्यांदा, बाहुली दुधासारखी. त्यात बल्बचा ठिपका पडतो, पण नजर त्यावर नाही. मागे आउट ऑफ फोकस उघडं दार, बाहेर फटफटलेलं, आणि चौकटीला टेकलेला मालक. तो इतका वेळ आपल्या पाठीशी उभा होता. त्याला आधीच्या एकाही फ्रेममध्ये दाखवू नको, सावलीसुद्धा नाही. तात्याचा टॉवेल आता पलीकडच्या खांद्यावर, म्हणून जवळपास दिसत नाही. तो गळाला असं समजून कुणी जमिनीवर काढू नये.

फ्रेम १०
मिड लाँग शॉट, नव्या बाजूचा मास्टर. नंदा डावीकडे, तात्या उजवीकडे, चुलवाणाचा खड्डा उजव्या कोपऱ्यात, वाफा डावीकडे. मालक मध्ये, मागे. र४. मालकाची मान किंचित वाकडी. नंदाच्या तोंडी “तात्या, बघू?” तात्या: “अजून हाय.” दोघांचे ओठ एकदम हलताना काढू नको.

फ्रेम ११
इन्सर्ट, टाइट. लांब दांड्याच्या पळीतून पाकाची धार जर्मनच्या भांड्यात. पोचा आता पलीकडे जातो. पाणी पाऊणच. पाण्याखाली पाकाचा तांबूस गोळा बसलेला. हात लहान, बाही वर.

फ्रेम १२
एक्स्ट्रीम क्लोजअप, अंगठा आणि तर्जनी. पाण्यातून काढलेली गोळी बोटांत वळते. बोटांवरचं पाणी, नखात अडकलेली चिपाडाची शीर. पाक कच्चा असता तर बोटांत चिकटला असता, तार सुटली असती. ही गोळी आपला आकार धरून आहे. म्हणजे गोळीबंद. पुढे दोन मिनिटं जरी जाळ चालू राहिला तरी करपट लागेल आणि रंग काळा पडेल. हे कुणी बोलून दाखवणार नाही, म्हणून फ्रेममध्ये गोळीची कडा धारदार काढ.

फ्रेम १३
क्लोजअप, काहिलीची लोखंडी कड. गोळी डावीकडून येते, आदळते, उजवीकडे उसळते. आवाज “टण्”. आवाज चित्रात कसा काढायचा हे मी बराच वेळ डोक्यात घोळवलं. कॉमिकसारख्या रेघा नकोत. कडेवर साचलेल्या वाफेचे थेंब गोळी लागली तिथून थरथरून खाली सुटलेत, एवढंच काढ.

फ्रेम १४
एक्स्ट्रीम क्लोजअप, तात्याचा डावा कान आणि गालाचा तुकडा. डोळा चौकटीबाहेर. मान हललेली नाही. फ्रेम १३ मध्ये गोळी उजवीकडे गेली, कानही पडद्याच्या उजव्या अर्ध्यात, म्हणजे आवाज त्याच्यापर्यंत पोचला. झाऱ्याच्या दांड्यावरची पकड इथे दिसत नाही. पुढच्या फ्रेमला हात उघडलेला असेल.

फ्रेम १५
लाँग शॉट, लो अँगल, बाळूच्या खड्ड्यातून वर. पुढे जाळ, चिपाडाची मोळी बाळूच्या हातात थबकलेली. वर काहिलीची काळी कड, तिच्यावर तात्या पाठमोरा, हात वर: “जाळ थांबीव! उतरा!” चार गडी कड्यांत वासा घालताहेत. कॅमेरा आता तात्याच्या मागे असल्याने रेषेवरच आहे, त्यामुळे डावंउजवं मोडत नाही. पण काहील वाफ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दूर जाते. ती आपल्याकडे येतेय असं दिसलं तर सगळी जागा उलटी होईल. उजेड: बल्ब चालूच, पण दारातून आलेल्या उन्हापुढे फिका.

फ्रेम १६
मिड शॉट, नव्या बाजूने, फ्रेम १० चीच उंची. डावीकडे वाफ्यात ओतलेला गूळ आणि फावडी ओढणारे हात. मालक दारातून गेलाय, चौकट रिकामी. उजवीकडे तात्या चुलवाणाच्या कडेवर बसलेला. नंदा त्याच्या शेजारी. सबंध प्रसंगात पहिल्यांदाच दोघं काहिलीच्या एका बाजूला. ती त्याच्या ओंजळीत ती गोळी ठेवते. टॉवेल उजव्या खांद्यावर, नंदाची उजवी बाही वर, भांडं पालथं, पोचा वर. तात्याचं तोंड गोळीकडे नाही, तिच्याकडेही नाही, मधेच कुठेतरी. ओंजळ चौकटीच्या बरोब्बर मध्यात घे, कारण प्रसंग ५ दवाखान्याच्या बाकड्यावर याच ओंजळीपासून उघडतो, हात त्याच कोनात, गोळीच्या जागी केसपेपर.