रावेरच्या वखारीचं उदाहरण: गोकुळचा प्रवेश

भागीदाराच्या प्रवेशाच्या या उदाहरणाचा आणि तू सोडवलेल्या उत्तराचा फोटो मिळाला भो. सामान्य संचयाच्या रकमेवरच तुझा अंगठा आलाय. पण ताळेबंदाची बेरीज 4,80,000 दिसते; त्यातून धनको 55,000, हिरामणचं भांडवल 2,40,000 आणि विलासचं 1,60,000 वजा केलं की संचय उरतो 25,000. चला.

हिरामण आणि विलास 3:2 ने भागीदार. 1 एप्रिल 2024 ला गोकुळ 1/5 हिश्शाने आला. भांडवल 1,00,000, शिवाय ख्यातीचा हिस्सा बँकेत.

ख्याती: तीन वर्षांचा नफा 90,000, 1,10,000 आणि 1,00,000, सरासरी 1,00,000. दोन वर्षांची खरेदी म्हणजे 2,00,000. गोकुळचा पाचवा हिस्सा 40,000.

नवीन गुणोत्तर: गोकुळला दिल्यावर उरले 4/5.
हिरामण 4/5 × 3/5 = 12/25
विलास 4/5 × 2/5 = 8/25
गोकुळ 1/5 = 5/25
म्हणजे 12:8:5.

तू ख्याती याच गुणोत्तरात तिघांत वाटलीस, तिथेच सगळं फसलं. गोकुळ स्वतःच आणलेले पैसे स्वतः कसे घेईल? ज्यांनी हिस्सा सोडला त्यांनाच ते मिळतात. हिरामणने 3/5 − 12/25 = 3/25 सोडला, विलासने 2/5 − 8/25 = 2/25. त्यागाचं गुणोत्तर 3:2.

रोजकीर्द नोंदी:

1. बँक खाते नावे 1,40,000
 गोकुळच्या भांडवल खात्याला 1,00,000
 ख्याती खात्याला 40,000

2. ख्याती खाते नावे 40,000
 हिरामणच्या भांडवल खात्याला 24,000
 विलासच्या भांडवल खात्याला 16,000

3. हिरामणचे भांडवल खाते नावे 12,000
 विलासचे भांडवल खाते नावे 8,000
 बँक खात्याला 20,000
 (निम्मी ख्याती काढून घेतली)

4. सामान्य संचय खाते नावे 25,000
 हिरामणच्या भांडवल खात्याला 15,000
 विलासच्या भांडवल खात्याला 10,000

5. इमारत खाते नावे 40,000
 पुनर्मूल्यांकन खात्याला 40,000
 (2,00,000 वर 20% वाढ)

6. पुनर्मूल्यांकन खाते नावे 25,000
 यंत्रसामग्री खात्याला 15,000
 बुडीत व संशयित कर्ज निधी खात्याला 4,000
 अदत्त हमाली खात्याला 6,000
 (यंत्रसामग्री 1,50,000 वर 10% घट, ऋणको 80,000 वर 5% निधी)

7. पुनर्मूल्यांकन खाते नावे 15,000
 हिरामणच्या भांडवल खात्याला 9,000
 विलासच्या भांडवल खात्याला 6,000

संचय आणि पुनर्मूल्यांकनाचा नफा गोकुळ यायच्या आधीचा, म्हणून दोन्ही जुन्या गुणोत्तरात. इथे जुनं आणि त्यागाचं गुणोत्तर सारखंच निघालं, पण दर वेळी तसं होत नाही.

भांडवल शिल्लक: हिरामण 2,76,000, विलास 1,84,000, गोकुळ 1,00,000. बँक 15,000 + 1,40,000 − 20,000 = 1,35,000. इमारत 2,40,000, यंत्रसामग्री 1,35,000, ऋणको निधी वजा जाता 76,000, माल 35,000. नव्या ताळेबंदाची बेरीज 6,21,000. ख्याती त्यात कुठेच लिहायची नाही. देयता बाजू 6,15,000 वर अडली असेल, तर हमालांचे पैसे तुझ्याकडून राहिलेत.