डॉक्टर मॅडमना पत्र : झोपेच्या गोळ्यांबाबत

कोल्हापूर,
२० फेब्रुवारी

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

मी टी. वाय. बी. एस्सी.ला आहे, रसायनशास्त्र. राहायला मुलींच्या वसतिगृहात. मागच्या आठवड्यात मी दवाखान्यात आले होते, तुम्हाला आठवणार नाही. केसपेपरच्या खिडकीपाशी ‘काय होतंय?’ असं मोठ्याने विचारतात आणि आपण सांगू ते रजिस्टरमध्ये लिहून घेतात. माझ्यामागे आमच्याच वर्गातली मुलं उभी होती, म्हणून मी ‘सर्दी’ म्हणाले. तुम्ही सर्दीच्या गोळ्या दिल्यात, मी घेऊन आले. खरं कारण या पत्रात लिहिते आहे आणि पत्र बंद पाकिटात सिस्टरांकडे देते आहे.

मी रोज रात्री झोपेची गोळी घेते. अल्प्राझोलाम, आता ०.५ मिलिग्रॅमची. पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेत सुरू झालं. पेपरच्या आदल्या रात्री डोळा लागत नव्हता, डोक्यात नुसती उजळणी चालू राहायची. दिवाळीला आत्याकडे गेले होते तेव्हा तिची ०.२५ ची एक पट्टी मी मागून घेतली होती. तिला तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. पहिल्या रात्री इतकी गाढ झोप लागली, की सकाळी वाटलं, हे आधीच का नाही केलं! परीक्षा संपल्यावर बंद करायची असं ठरलं होतं, पण लगेच एम. एस्सी.च्या प्रवेशपरीक्षेची, जॅमची तयारी सुरू झाली आणि ०.२५ ने झोप यायची थांबली. पट्टी संपल्यावर एका मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवली, तर त्यांनी चिठ्ठी न मागता ०.५ च्या गोळ्या दिल्या. देताना पट्टी कात्रीने अशी कापतात, की लाल चौकटीतली सूचना आणि एक्सपायरी दोन्ही दुकानातच राहतात. दुकानाचं नाव मी लिहीत नाही. तुम्ही विचारलंत तर समोर सांगेन.

जानेवारीपासून एकही रात्र गोळीशिवाय गेलेली नाही. म्हणजे मध्ये बंद करून पाहिली होती. झोप नाहीच, वर तळहातांना घाम, छातीत धडधड आणि मेसमधल्या ताटांच्या आवाजानेसुद्धा दचकायला व्हायचं. दुसऱ्याच रात्री परत घेतली. नंतर वाचलं, की ही गोळी एकदम तोडू नये, काहींना झटकेही येतात. तेव्हापासून स्वतःहून बंद करायची भीती वाटते. तुम्हाला भेटायचं मुख्य कारण हेच आहे.

आता लक्ष न लागण्याबद्दल. आधी काय झालं ते मला नीट उलगडत नाही. लक्ष लागत नव्हतं म्हणून मी रात्री उशिरापर्यंत बसायचे, म्हणून झोप गेली, म्हणून गोळी आली. पण आत्ताचं जे आहे ते पूर्वीसारखं नाही. पूर्वी मन भरकटायचं. आता ते जागेवरच असतं, पण सुन्न. परवा प्रॅक्टिकलला ईडीटीए टायट्रेशन होतं. वाइन रेड जाऊन निळा आला की थांबायचं, इतकं सोपं. मी फ्लास्ककडेच बघत होते, निळा आलेला मला दिसला, आणि तरी माझा हात ब्युरेटच्या कॉकवर तसाच राहिला. पार्टनरने ‘अगं, थांब’ म्हणेपर्यंत रीडिंग बरंच पुढे गेलं होतं. सरांनी हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी आहे. वहीत पिनॅकॉल रिअरेंजमेंटवर दोन पानं नोट्स आहेत, अक्षर माझं, शाई माझ्या पेनची, बाणसुद्धा बरोबर काढलेत. त्या मी कधी लिहिल्या ते मला आठवत नाही. गोळी घेतल्यावर झोप येईपर्यंत वाचत बसायची मला सवय आहे, तेव्हाच्या असणार. म्हणजे तो अर्धा-पाऊण तास मी जागी असूनही फुकट जातो का?

आमच्या कायनेटिक्सच्या हिशोबाने मी एक गणित मांडलं. पुस्तकात या औषधाचं अर्धायुष्य साधारण ११ तास दिलंय. मी दीड वाजता गोळी घेते. प्रॅक्टिकल आठला. फर्स्ट ऑर्डर धरलं तर त्या वेळी जवळपास दोन तृतीयांश औषध अंगात असतं आणि निम्मं व्हायला दुपारचे साडेबारा वाजतात. शरीर म्हणजे फ्लास्क नव्हे हे कळतं, पण ढोबळमानाने हे बरोबर असेल तर माझी अख्खी सकाळ गोळीतच जाते, आणि लेखी पेपरही सकाळचेच आहेत.

तुम्ही विचाराल म्हणून बाकीचंही लिहिते. दारू, सिगारेट काही नाही. कॉफी खूप, शेवटचा कप अकराच्या सुमारास. एनएसएसच्या रक्तदान शिबिरात मला परत पाठवलं होतं, हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरलं म्हणून. त्यावर पुढे काही केलं नाही. थकवा आणि लक्ष न लागणं त्यामुळेही असेल का, हे तपासायला हवं असं वाटतं. पाळी अनियमित आहे, पण ती आधीपासूनच. जीव नकोसा झालाय, स्वतःला काही करून घ्यावं, असे विचार येत नाहीत. एका रात्री एक पुरेना म्हणून दोन घेतल्या होत्या, त्या फक्त झोपेसाठी. तरी त्या सकाळी रूममेटने मला हलवून उठवलं आणि तेव्हापासून उरलेल्या गोळ्या तिच्या कपाटात असतात. ती रोज एक देते. तिच्याशिवाय हे कोणाला माहीत नाही.

जॅमचा पेपर झाला. कसा गेला ते निकालच सांगेल, मी त्याबद्दल विचार करायचं सोडलंय. सहाव्या सेमिस्टरची प्रॅक्टिकल परीक्षा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आहे आणि लेखी २४ मार्चपासून. एवढ्या दिवसांत गोळी कमी करत आणता येईल, की परीक्षेत आणखी गोंधळ नको म्हणून आहे तेवढीच चालू ठेवायची? मला मनापासून कमी करायची आहे. पण पेपरच्या आदल्या रात्री ती धडधड परत सुरू झाली तर काय करायचं, हे तुमच्याकडून आधी समजून घ्यायचंय. दुसऱ्या डॉक्टरांकडे, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलंत तर जाईन. फक्त ते कोल्हापुरातच असावेत आणि फी झेपणारी असावी. सीपीआरच्या सरकारी रुग्णालयात जायलाही माझी हरकत नाही.

घरी कळवायलाच हवं का? मी एकवीस पूर्ण आहे. आईला कळलं तर ती पहिल्या एसटीने येईल आणि मला गडहिंग्लजला घेऊन जाईल, वर आत्याशी भांडेल ते वेगळंच. सांगायचं तेव्हा मीच सांगेन. रेक्टर मॅडमनाही तूर्त कळू नये अशी विनंती आहे.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तीननंतर मला तास नसतात. ओपीडीची गर्दी सरल्यावर दहा मिनिटं दिलीत तरी चालेल. शक्य असेल तर केसपेपरवर ‘सर्दी, पुन्हा तपासणी’ एवढंच असू द्यावं, आत तुम्ही तुमच्या कागदावर खरं ते लिहा. माझा मोबाईल नंबर पाकिटाच्या आतल्या बाजूला आहे. फोन उचलला नाही तर मी तासाला असेन, मेसेज टाका. येताना कापलेली पट्टी, आत्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि शिबिरात मिळालेली चिठ्ठी घेऊन येते.

आपली,
स्नेहल
टी. वाय. बी. एस्सी. (रसायनशास्त्र)