सोशल मीडिया एक्झिक्युटिव्ह पदाची मुलाखत

पुण्यातील मसाले आणि फराळाची पिठं बनवणारी कंपनी, जुलै २०२६. मुलाखत घेणार: संचालिका आणि मार्केटिंग प्रमुख.

मार्केटिंग प्रमुख: गणपती ते दिवाळीचं कॅलेंडर तुमच्याकडे दिलं, तर सुरुवात कुठून कराल?

उमेदवार: पंचांगापासून, सर. गेल्या वर्षी गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. जुनी शीट नुसती कॉपी केली, तर प्रत्येक पोस्ट अठरा दिवस आधी पडेल. उकडीच्या मोदकांच्या पिठाचा रील चतुर्थीच्या दिवशी टाकून काही उपयोग नाही, कारण तोवर घरोघरी पीठ आलेलं असतं. तो दहा-बारा दिवस आधी हवा. पितृपक्षात नवं उत्पादन किंवा ऑफर जाहीर करू नये. ते दिवस शूटिंगला वापरावेत, म्हणजे नवरात्र लागल्यावर चकली भाजणीचे व्हिडिओ हाताशी तयार असतात.

मार्केटिंग प्रमुख: शीटमध्ये काय काय असेल?

उमेदवार: तारीख, वेळ, माध्यम, विषय, कॅप्शन, फोटो-व्हिडिओची लिंक, मंजुरी कोणाची आणि स्टॉक आहे का. शेवटचा रकाना बरेचदा राहून जातो. रील चालतो, लोक विचारतात आणि माल दुकानात नसतो. आठवड्याला चार पोस्ट पुरेत, त्यातली एक जागा रिकामी ठेवायची. सातही दिवस भरले, की ऐन वेळी आलेल्या विषयाला जागा उरत नाही.

संचालिका: आम्हाला दर महिन्याला एंगेजमेंटचा रिपोर्ट येतो. आकडा कधी सहा टक्के, कधी सोळा. खरा कुठला?

उमेदवार: दोन्ही खरे असू शकतात, मॅडम. समजा एक रील ४२,००० जणांपर्यंत पोचला. लाइक १,९००, कमेंट ६०, सेव्ह ५४०, शेअर ३८०, म्हणजे एकूण २,८८०. त्याला रीचने, म्हणजे या ४२,००० ने भागलं, तर ६.८६ टक्के. पेजच्या १८,००० फॉलोअर्सनी भागलं, तर १६ टक्के. रिपोर्टमध्ये कशाने भागलं ते लिहिलेलं असावं आणि दर महिन्याला तीच पद्धत राहावी. मी रीच घेईन. आणि पाककृतीच्या रीलला लाइकपेक्षा सेव्ह महत्त्वाचा. सेव्ह करणारीला ती चकली करून बघायची असते.

संचालिका: कमेंट वाढवायला गिफ्ट हॅम्पर ठेवलं तर?

उमेदवार: आकडा वाढेल, पण बक्षिसासाठी आलेले लोक पुढच्या पोस्टकडे फिरकत नाहीत. तो महिना रिपोर्टमध्ये वेगळा दाखवावा. एंगेजमेंट वाढली म्हणजे लोक खूश आहेत, असंही नसतं. रागाच्या कमेंटही त्याच बेरजेत जातात. म्हणून दर आठवड्याला कमेंट वाचून कौतुक, चौकशी आणि तक्रार असे तीन ढीग करावे लागतात.

मार्केटिंग प्रमुख: आता प्रसंग घ्या. शनिवार, रात्रीचे नऊ. एका ग्राहकाने भाजणीच्या पाकिटात किडे दाखवणारा व्हिडिओ टाकलाय. तासाभरात चारशे कमेंट.

उमेदवार: सर्वात आधी शेड्यूल केलेल्या पोस्ट आणि चालू जाहिराती थांबवायच्या. रविवारी सकाळी ‘खुसखुशीत चकली’चा रील आपोआप गेला, तर लोक तो निर्लज्जपणा समजतील. मग मूळ व्हिडिओचा आणि कमेंटचा स्क्रीनशॉट घेऊन क्वालिटीच्या माणसाला फोन करायचा. तासाभरात पहिलं उत्तर जायला हवं: ‘तुमच्या पाकिटात असं निघालं, याचं आम्हाला वाईट वाटतं. पाकिटावरचा बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख मेसेजमध्ये पाठवा, पाकीट जपून ठेवा. आम्ही ते घरून घेऊन जाऊ, तपासू आणि काय आढळलं ते सोमवारी संध्याकाळपर्यंत इथेच सांगू.’

संचालिका: दुकानदाराने दमट जागी ठेवलं असेल, तर तसं सांगायला नको?

उमेदवार: तपासणीआधी नको. त्या बॅचचा राखून ठेवलेला नमुना बघेपर्यंत दोष कुठला हे आपल्यालाही माहीत नसतं. घाईत दुकानदाराचं नाव घेतलं आणि नमुन्यातही किडे निघाले, तर दुसऱ्यांदा माफी मागावी लागेल. कमेंट डिलीट करायच्या नाहीत, फक्त शिवीगाळ आणि कोणाचा फोन नंबर असेल तेवढं काढायचं. एकच उत्तर दोनशे जणांना चिकटवायचं नाही, आपल्या पेजवर एक खुलासा पिन करायचा. आणि पैसे परत देताना ‘व्हिडिओ काढा’ अशी अट घालायची नाही. ती अट स्क्रीनशॉट होऊन बाहेर येते आणि मग भाजणी बाजूला राहते.

मार्केटिंग प्रमुख: बॅचच खराब निघाली तर?

उमेदवार: माल परत बोलावणं एफएसएसएआयच्या नियमांखाली येतं, तो निर्णय कंपनीचा. माझं काम बॅच नंबर, पाकीट कुठे परत द्यायचं आणि पैसे कसे मिळणार हे साध्या मराठीत, ठळक अक्षरांत सांगणं.

संचालिका: तुम्हाला काही विचारायचंय?

उमेदवार: हो. शनिवारी रात्री त्या पहिल्या उत्तराला मंजुरी कोण देणार? आणि त्यांनी फोन उचलला नाही, तर दुसरं कोण?

संचालिका: पहिली मी. दुसरं नाव आम्ही अजून ठरवलेलं नाही.

उमेदवार: ते रुजू होण्याआधी ठरलं तर बरं, मॅडम. शीटच्या पहिल्या ओळीत दोन्ही नंबर लिहून ठेवीन.