सत्याच्या तीन उपपत्ती: उजळणी तक्ता

तक्ता पाठ करण्याआधी एक फरक पक्का करून घ्या. 'सत्य म्हणजे काय' हा स्वरूपाचा प्रश्न आहे आणि 'सत्य ओळखायचं कसं' हा निकषाचा. उत्तरं घसरतात ती बहुतेक वेळा हे दोन प्रश्न एकात मिसळल्यामुळे. उदाहरण तिन्हींसाठी एकच ठेवलं आहे: "छत गळतंय."

| | अनुरूपता | सुसंगती | फलप्रामाण्य |
|---|---|---|---|
| म्हणणं | विधान वस्तुस्थितीशी जुळलं तर सत्य | विधान एका सुसंबद्ध विधानव्यवस्थेत बसलं तर सत्य. नुसती विसंगती नसणं पुरत नाही, विधानांनी एकमेकांना आधार द्यायला हवा | जो विश्वास अनुभवात आणि कृतीत टिकतो, तो सत्य |
| "छत गळतंय" सत्य का? | छत गळतंय म्हणून. कुणाला कळो वा न कळो | भिंतीवरची ओल, टपटप आवाज, रात्रभरचा पाऊस या सगळ्यांशी जुळतं म्हणून | हे गृहीत धरून केलेली दुरुस्ती लागू पडते म्हणून |
| कोण | ॲरिस्टॉटल, ॲक्वायनस. पुढे मूर, रसेल, ऑस्टिन | ब्रॅडली, जोकिम (१९०६), ब्लॅनशार्ड (१९३९). वेगळ्या वाटेने नॉयराथ | पर्स (१८७८), जेम्स (१९०७), ड्यूई |
| जमेची बाजू | रोजच्या भाषेशी जुळते. आपण सगळे मिळून चुकू शकतो, हे हिला सहज सांगता येतं | ज्ञान प्रत्यक्षात असंच तपासलं जातं: नवं विधान जुन्यांशी ताडून. गणितात विशेष शोभते | सत्याची किंमत का वाटते, हे सांगते. चौकशी, प्रयोग, दुरुस्ती यांना जागा देते |
| कच्चे दुवे | १. 'जुळणं' म्हणजे नेमकं काय? २. "खोलीत मांजर नाही" याला कोणती वस्तुस्थिती जुळते? नैतिक आणि गणिती विधानांचं काय? ३. विश्वासांच्या बाहेर उभं राहून त्यांची जगाशी तुलना करता येत नाही | १. परस्परविरोधी पण आतून सुसंगत अशा दोन व्यवस्था शक्य आहेत. २. 'सुसंगती' ठरवायला तर्काचे नियम आधीच सत्य मानावे लागतात | १. उपयुक्त असत्य आणि निरुपयोगी सत्य, दोन्ही असतात. २. उपयुक्त कुणाला, आणि किती काळ? ३. "हा विश्वास उपयुक्त आहे" हे विधान कोणत्या अर्थाने सत्य? |

अनुरूपतेबद्दल. तिसरा आक्षेप भारी वाटतो, पण तो निकषावरचा आहे. तुलना करता येत नाही म्हणून जुळणंच नसतं, असं होत नाही. खरा घाव स्ट्रॉसनचा. १९५० मध्ये ऑस्टिनशी झालेल्या वादात त्याचा मुद्दा असा होता की वस्तुस्थिती ही खुर्ची-टेबलासारखी जगात पडलेली चीज नाही. सत्य विधान जे सांगतं, तीच वस्तुस्थिती. तसं असेल तर विधान स्वतःच्याच सावलीशी जुळतंय. हा आक्षेप लिहिला तर उत्तराला वजन येतं.

सुसंगतीबद्दल. रसेलचं उदाहरण सोडू नका. बिशप स्टब्ज यांना खुनाबद्दल फाशी झाली, हे असत्य आहे. पण त्याभोवती एक सुसंगत कहाणी रचता येते. समर्थक म्हणतात की व्यवस्थेत प्रत्यक्ष अनुभवातून आलेली विधानंही धरायची, मग कल्पित कहाण्या गळून पडतात. पण अनुभवालाच हा विशेष मान का? जगाने घडवलेला म्हणून, असं म्हटलं की अनुरूपता मागच्या दाराने आत आली. माझ्या मते ही उपपत्ती निकष म्हणून उत्तम आहे, व्याख्या म्हणून लंगडी.

फलप्रामाण्याबद्दल. 'जे सोयीचं ते सत्य' असं लिहिलंत तर गुण जातील. जेम्सच्या मते नव्या विश्वासाला जुन्या विश्वासांशी आणि अनुभवाशीही जुळवून घ्यावं लागतं. पर्स आणखी कडक: सगळ्या संशोधकांचं चौकशीअंती ज्यावर एकमत होणारच, ते सत्य. दोघांना एका ओळीत कोंबू नका. आक्षेपासाठी टॉलेमीचं खगोलशास्त्र घ्या. पृथ्वी केंद्रस्थानी मानून ग्रहांच्या जागा हजाराहून अधिक वर्षं वर्तवल्या गेल्या, आणि बऱ्यापैकी जमल्याही. मग पृथ्वी तेव्हा केंद्रस्थानी होती का? जेम्सवर हा आक्षेप चांगला लागतो. पर्स निसटतो, कारण त्याच्या लेखी चौकशी तिथे संपलेलीच नव्हती.

तुलनेचा प्रश्न आला तर न्यायदर्शन आठवा. नैयायिकांच्या मते प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव, पण ज्ञान यथार्थ आहे हे कळतं प्रवृत्तिसामर्थ्यावरून, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येते यावरून. दिसलं ते पाणीच होतं की मृगजळ, हे तहान भागल्यावर ठरतं. म्हणजे व्याख्या अनुरूपतेची आणि निकष फलाचा, आणि दोन्ही एका घरात सुखाने नांदतात. सत्याची तार्किक व्याख्या देणाऱ्या टार्स्कीला मात्र इथे ओढू नका, त्यावर वेगळा प्रश्न असतो.